राही ला भगा इस बेकरी

बोटांनी चुकीचा लिहिलेला मेसेज लगेच ओळखू येतो. काना राहून गेलेला असतो, वेलांटी भलत्याच अक्षरावर बसलेली असते, दोन शब्द एकमेकांना चिकटलेले असतात. तरीही लिहिणाऱ्याला काय म्हणायचं होतं ते बहुतेक वेळा कळतं. यंत्रानं चुकीच्या ऐकलेल्या मेसेजचं उलटं असतं. त्यातला एकेक शब्द शुद्ध असतो, शब्दकोशात सापडेल असा असतो, आणि सगळे मिळून काहीच सांगत नाहीत. हे मी आईच्या एका मेसेजवरून शिकले. खरं तर आवाजाचे तुकडे ऐकून त्यात काय बोललं गेलंय ते लिहून देणं हेच पुण्यातलं माझं काम आहे.

मेसेज असा होता: "राही ला भगा इस बेकरी ये रद्द काट कोठरी".

आई बेळगावात, शहापुरात राहते. निवृत्त शिक्षिका, घरी एकटी. मागच्या पावसाळ्यात अंगणात घसरून पडली तेव्हा भावानं तिच्यासाठी एक घड्याळ घेतलं. माणूस पडलं की ते ओळखतं, फोन लावतं, आणि हाक मारली की जागं होऊन सांगितलेलं ऐकतं. कोणत्या कंपनीचं ते इथे महत्त्वाचं नाही, कारण अशी सगळीच घड्याळं आणि घरात ठेवायचे बोलके स्पीकर साधारण एकाच पद्धतीनं ऐकतात. त्या घड्याळात मराठी नव्हती, कन्नडही नव्हती. इंग्रजी आणि हिंदी होत्या, त्यातली हिंदी निवडली गेली.

आई मला मराठीत लिहिते, तेही पूर्णविरामासकट. तिच्याकडून हिंदीत आलेली ही ओळ वाचून माझे हात गार पडले. भगा, रद्द, काट, कोठरी. मला वाटलं, घरात कोणीतरी शिरलंय आणि तिला मोकळेपणी लिहिता येत नाहीये. फोन लावला तर ती नाथ पै चौकातून घराकडे चालली होती. "काय गं ताई? मी बाजारात गेलतो की. मेथी आणली, बाकी काय न्हाई." मेसेज पाठवल्याचं तिच्या गावीही नव्हतं. (आमच्याकडच्या बायका "गेलतो", "आलतो" म्हणतात. पुण्यात लोक माझ्याकडे चमकून बघतात, पण घरी फोन लागला की मीही तशीच बोलते.)

दिवाळीत घरी गेले तेव्हा तिच्या फोनमध्ये घड्याळाच्या नोंदी उघडल्या. अशा सेवा बहुधा ऐकलेल्या आज्ञांची यादी ठेवतात. आवाज साठवायला परवानगी दिलेली असेल, तर त्या ओळीपुढे तो तुकडाही ऐकता येतो. आईच्या फोनवर ती परवानगी पहिल्या दिवसापासूनच चालू होती. म्हणून मला त्या संध्याकाळचा खडे बाजार ऐकता आला.

तुकड्याची सुरुवात घड्याळ जागं होण्याच्या आधीपासून होते. रिक्षाचा हॉर्न, कोणाचं तरी हसणं, मग भाजीवालीचा आवाज: "हेळ्री अक्का!" सांगा ताई, काय हवं. लगेच आई शेजारच्या काकूंना म्हणते, "ताईला मेसेज करायचा राहिला बघा." त्यावर भाजीवाली, "एष्ट बेक्री?" किती हव्यात. आई म्हणते, "एरड कट्ट कोड्री." दोन पेंढ्या द्या. आणि तुकडा संपतो.

मेसेज यातूनच आला होता. त्यातला प्रत्येक शब्द कुठून आला ते दाखवता येतं. "राहिला बघा"चं झालं "राही ला भगा". घ मधला श्वास ब ला जाऊन मिळाला की भ आणि ग होतात, बाजाराच्या गलक्यात हे सहज घडतं. "एष्ट"मधला ट बुडाला आणि उरलं "इस". "बेक्री"ची "बेकरी" झाली. "एरड"चं "ये रद्द", "कट्ट"चं "काट", "कोड्री"ची "कोठरी". ज्या शब्दांनी मी घाबरले होते, ते सगळे मेथीच्या दोन पेंढ्यांचे होते.

पण यंत्र जागं का झालं, आणि झालं ते झालं, मेसेज पाठवण्यापर्यंत कसं पोहोचलं? या दोन वेगळ्या चुका आहेत. त्यांची कारणंही वेगळी आहेत.

जागं होण्याचं काम घड्याळातला एक अगदी छोटा प्रोग्राम करतो. तो सतत चालू असतो, म्हणून तो छोटाच ठेवावा लागतो, नाहीतर दुपारपर्यंत बॅटरी संपेल. त्याला भाषा येत नाही. सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागाइतक्या पावलांनी तो आवाजावरून सरकत जातो आणि दर पावलाला एकच गोष्ट मोजतो: आत्ता ऐकलेलं माझ्या ठरलेल्या हाकेशी किती जुळतं. उत्तर म्हणून एक आकडा येतो. तो ठरावीक रेषेच्या वर गेला की घड्याळ जागं. मधल्या काळात ऐकलेला आवाज तो पाटीवर लिहून पुसत राहावं तसा काही सेकंदांपुरताच ठेवतो. रेषा ओलांडली तर पाटीवर उरलेला भागही पुढे पाठवतो, कारण हाकेची सुरुवात त्यातच असते. रिक्षाचा हॉर्न मला ऐकू आला तो त्यामुळे.

आईच्या घड्याळाची हाक "हे"नं सुरू होते. "हेळ्री"सुद्धा "हे"नं सुरू होतं, आणि ते पुटपुटत म्हणत नाहीत. गिऱ्हाइकाचं लक्ष वेधायला ते वरच्या पट्टीत, पहिला स्वर लांबवून म्हणतात. हाक म्हणून जे काही असतं, चढा सूर आणि पुढे थोडा थांबा, ते सगळं त्यात असतं. ळ्र हा जोडाक्षराचा आवाज त्या छोट्या प्रोग्रामनं शिकताना ऐकलेलाच नसणार. मोठमोठ्या आवाजसंग्रहांवर तो शिकतो, पण हाकेसारखे वाटणारे आणि हाक नसलेले शब्द त्याला मुद्दाम दाखवावे लागतात, आणि ते ज्या भाषांतून गोळा केले त्या भाषांपुरतेच तो ओळखायला शिकतो. जर्मनीतल्या बोखुम इथल्या रूर विद्यापीठातल्या आणि माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २०२० मध्ये अशा चुकीच्या हाकांचा शोध घेतला. इंग्रजी, जर्मन आणि चिनी उपकरणांसमोर मालिका, बातम्या वगैरे लावून त्यांनी हजाराहून जास्त शब्दसमूह नोंदवले, जे ऐकून यंत्रं उगाच जागी झाली. 'अलेक्सा'ची वाट पाहणारं यंत्र इंग्रजीतल्या 'इलेक्शन'नं उठलं, 'अनॲक्सेप्टेबल'नंही उठलं. आमच्या बाजारात दर दुसऱ्या वाक्यात येणारं "हेळ्री" त्या यादीत कुठून असणार?

मग रेषा वर का नेत नाहीत, असा प्रश्न पडतो. नेता येते, काही उपकरणांत ती संवेदनशीलता थोडी कमी-जास्त करायची सोयही असते. पण रेषा वर गेली की खरी हाकही हुकायला लागते, आणि पहिली हुकते ती नेमकी अशक्त, घोगऱ्या, थकलेल्या आवाजाची. आईचं वय आणि तिचा दमा पाहता मला ती रेषा वर न्यायला भीती वाटते. ती पडली आणि हातानं बटण दाबता आलं नाही, तर तिचा क्षीण आवाज घड्याळानं ओळखायला हवा. बाजारातलं "हेळ्री" आणि अंगणात पडलेल्या आईची हाक या दोघांना एकाच आकड्यानं तोलायचं आहे, आणि तो आकडा कुठेही ठेवला तरी एका बाजूनं चूक होणारच. बरीच यंत्रं यावर एक उपाय करतात: छोट्या प्रोग्रामनं उठवल्यावर फोनमधला किंवा दूरच्या सर्व्हरवरचा मोठा प्रोग्राम हाक पुन्हा तपासतो. त्यानं चुका बऱ्याच कमी होतात, संपत नाहीत. मोठ्यालाही कन्नड-मराठी बाजार माहीत नसेल, तर तोही मान डोलावतो.

आता दुसरी चूक. यंत्र जागं झाल्यावर पुढचं वाक्य हिंदी म्हणून ऐकतं. हिंदीच का, तर यादीत तीच निवडलेली आहे म्हणून. अशी बरीच यंत्रं एका वेळी एक-दोनच भाषा धरून चालतात. बेळगावात एका वाक्यात दोन भाषा असतात आणि कधी कधी एका शब्दात. आई काकूंशी मराठीत बोलते, भाजीवालीशी कन्नडमध्ये, आणि मधे श्वासही घेत नाही. तिच्या कानाला तिथे काही बदललं असं वाटत नाही. त्या घड्याळासाठी मात्र तिथे भाषाच उरत नाही, उरतो तो आवाज, आणि त्याला काहीतरी हिंदी करून दाखवायचंच असतं.

"करायचंच असतं" हे मी विचार करून लिहिते. माझ्या कामात एखादा तुकडा कळला नाही, तर 'अस्पष्ट' असं लिहायची मुभा असते, किंबहुना तसं लिहिणं हा नियमच आहे. कळलं नसताना अंदाजानं लिहिलेला शब्द ही आमच्याकडे सगळ्यात मोठी चूक मानली जाते. आवाजाचं लिखाण करणारं यंत्र असं थांबत नाही. त्याच्यापुढे दोन प्रकारची शक्यता असते: हा आवाज कोणत्या शब्दाचा असेल, आणि या शब्दानंतर हिंदीत बहुधा कोणता शब्द येतो. दोन्हींचा मेळ घालून जी ओळ सर्वांत वरचढ ठरते, ती लिहून मोकळं व्हायचं. आवाज अपरिचित असला की पहिल्या बाजूचे आकडे सगळीकडेच कमी पडतात, मग दुसरी बाजू जोर करते आणि नेहमीच्या वापरातले शब्द पुढे येतात. "कोड्री" नाही तर "कोठरी", कारण कोठरी हिंदीत आहे. म्हणून या मेसेजात शुद्धलेखनाची एकही चूक सापडत नाही. शब्द ऐकलेच नव्हते, ते यादीतून उचललेले होते. आपल्याला आपल्या उत्तराची किती खात्री आहे याचा आकडा यंत्राकडे आतमध्ये असतो. मेसेज मिळणाऱ्याला तो दिसत नाही. "ये रद्द" आणि "मैं ठीक हूँ" दोन्ही सारख्याच ठाम अक्षरात येतात. तो आकडा मेसेजबरोबर दाखवायला काय हरकत आहे, हे मला खरंच कळलेलं नाही. फिक्या अक्षरात आलेली ओळ वाचून मी इतकी घाबरले नसते.

मेसेज मलाच का आला, याचं उत्तर माझ्या नावात आहे. आईच्या फोनमध्ये मी "ताई" म्हणून आहे. यंत्रं ऐकताना फोनमधल्या नावांकडे झुकतात. तसं झुकवलेलंच असतं, नाहीतर आपली नावं त्यांना कधीच नीट ऐकू येणार नाहीत. त्यामुळे अर्धवट ऐकलेला "ताई"सुद्धा पटकन नाव ठरतो. त्याला लागून "मेसेज" हा शब्द आला, आणि "करायचा"मधल्या सुरुवातीच्या "कर"नं आज्ञा पुरी केली. ताई को मैसेज कर. त्यापुढचं सगळं म्हणजे मेसेजचा मजकूर. आपण बोलायचं थांबलो की यंत्र समजतं, आज्ञा संपली. पण बाजारात शांतता नसते, म्हणून भाजीवालीचा प्रश्न आणि आईचं उत्तर दोन्ही एकाच माणसाचं बोलणं म्हणून मजकुरात गेलं. शेवटी घड्याळानं ओळ दाखवली असेल, थरथरलंही असेल. पदराखाली कोणाला कळणार? काही सेकंद कोणी थांबवलं नाही तर मेसेज आपोआप पाठवायचा, अशी सोय चालू होती. तो गेला.

हे एखाद्या वेळचं दुर्दैव मानून मी सोडून दिलं असतं, पण असंच एक प्रकरण जगभर गाजलेलं आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडमधल्या एका कुटुंबाचं घरातलं बोलणं ॲमेझॉनच्या स्पीकरनं रेकॉर्ड करून त्यांच्याच ओळखीच्या, सिएटलमधल्या माणसाला पाठवून दिलं. कंपनीनं नंतर जो क्रम सांगितला तो वाचून मला खडे बाजार आठवला. हाकेसारखा एक शब्द ऐकून स्पीकर जागा झाला. मागून चाललेलं बोलणं त्याला "मेसेज पाठव" असं वाटलं. "कोणाला?" असं त्यानं विचारलं, तेव्हा चाललेल्या गप्पांतच त्याला फोनमधलं एक नाव ऐकू आलं. नाव उच्चारून त्यानं "बरोबर ना?" विचारलं, आणि त्या गप्पांतला एक होकार त्याला आपल्यासाठीच वाटला. चार टप्पे, चारही ठिकाणी चूक, आणि चारही चुका एकाच दिशेनं. ऐकणाराच एक असल्यावर त्याला पुन्हा पुन्हा विचारून खात्री होत नाही. पहिल्यांदा चुकीचं ऐकणारा कान दुसऱ्यांदाही तसाच ऐकतो.

म्हणून आईच्या घड्याळात मी जो बदल केला तो यावरून ठरवला. हाक बंद केली नाही. पडल्याचं ओळखणं आवाजावर अवलंबून नसतं, ते हाताच्या हालचाली मोजणाऱ्या वेगळ्या यंत्रणेचं काम आहे, त्यामुळे हाक बंद केली असती तरी ती सोय राहिली असती. पण पडल्यावर शुद्धीत असलेल्या आईला बोलून मदत मागता यायला हवी, ती वाट मला बुजवायची नव्हती. बंद केलं ते आपोआप पाठवणं. आता मेसेज जायला काचेवर बोट टेकवावं लागतं. तोंडी होकार चालत नाही. मदतीचा फोन मात्र पूर्वीसारखाच बोलून लागतो. फोनमधलं माझं नाव बदलावं असंही सुचवलं, कारण शहापुरात प्रत्येक बाई कोणाची ना कोणाची ताई असते. आईनं ते ऐकलं नाही. "ताईला ताई न्हाई म्हणायचं तर काय म्हणायचं?" मी आग्रह केला नाही.

तो तुकडा मी आईलाही ऐकवला होता. तिला पहिला धक्का बसला तो स्वतःचा आवाज ऐकून नाही. "ही तर मेथीवाली," ती म्हणाली, आणि गप्प झाली. दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन तिनं भाजीवालीला सगळं सांगितलं. "नन्न ध्वनी पुणेक्क होतेन्री?" भाजीवालीनं विचारलं. माझा आवाज पुण्याला गेला होय? आधी ती खूप हसली. मग तिनं विचारलं, तो आवाज आणखी कोण ऐकतं?

प्रश्न अगदी नेमका आहे. तिच्याकडे असलं घड्याळ नाही, तिनं कुठल्या अटी मान्य केलेल्या नाहीत, आणि तरी तिचा आवाज एका नोंदीत आहे. २०१९ मध्ये बेल्जियमच्या व्हीआरटी या प्रसारण संस्थेच्या हाती गुगलच्या सहाय्यकानं टिपलेले हजाराहून जास्त तुकडे लागले होते. यंत्राचं ऐकणं सुधारावं म्हणून ते तुकडे कंत्राटी माणसं ऐकून लिहून काढत होती. त्यातले १५३ कोणी हाक न मारताच टिपलेले निघाले. ती माणसं जे काम करत होती, साधारण तेच मी करते. माझ्याकडे येणारे तुकडे संमतीनं बोललेले असतात असं आम्हाला सांगितलेलं आहे. तरीही त्या दिवसापासून पार्श्वभूमीला दुसरा आवाज असला की मी तुकडा थांबवते, आणि त्या माणसाला विचारलं होतं का, हे वरच्यांना लेखी विचारते.

आईनं नोंद पुसून टाकायला सांगितली. तिच्या देखत मी ती पुसली आणि आवाज साठवायची परवानगीही काढून घेतली. माझ्या फोनवर आलेला मेसेज त्यानं पुसला जात नाही, तो वेगळा असतो आणि ज्याच्याकडे पोहोचला त्याच्याकडेच राहतो. आता यादीत फक्त अक्षरं उरतात. गेल्या आठवड्यात आईनं फोनवर एक नवी ओळ वाचून दाखवली: "मेहंदी कट्टा बीस". मेंत्ये म्हणजे मेथी, कट्ट म्हणजे पेंढी, आणि भाव वीस रुपये असावा, असा आम्ही दोघींनी अंदाज बांधला. आवाज नसल्यामुळे तो पडताळता येत नाही.